पहिली जागल शंभूची

शंभूला उतरायचं होतं पिरंगुटला आणि जाग आली चांदणी चौकात. कंडक्टर खांदा हलवत होता.

"उठा पाहुणे. लेकरू झालंय वाटतं घरी?"

"तुमाला कसं कळलं?"

"शर्ट उलटा हाय. आन खांद्यावर दूध वाळलंय. मला दोन हायेत." कंडक्टरनं त्याला हाताला धरून उतरवलं, रस्त्याच्या कोणत्या बाजूला परतीची बस मिळेल तेही दाखवलं, आणि वर बजावलं, "आता बसू नका. उभ्यानं जा."

कंपनीत पोचेस्तोवर पाळी केव्हाच सुरू झालेली. सुपरवायझरनं त्याच्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं आणि प्रेसच्या मशीनवर दुसरा माणूस लावला. "बोटं घरी घेऊन जायचीत ना? जा, खोकी घडी कर." मग दिवसभर शंभूनं पुठ्ठ्याची खोकी घडी केली. एकदा तर घडी केलेल्या खोक्यांना टेकून त्याचाच डोळा लागला. कुणी उठवलं नाही, ही माणसांच्या चांगुलपणाची रीत.

खरं तर शंभूनं वाईट काही केलं नव्हतं. उलट वाडीवर आजवर कुणी केलं नसेल तेवढं केलं होतं. पौडच्या अलीकडं डोंगराच्या पोटाशी असलेली ती धनगरांची वाडी. बापानं, म्हणजे भैरूनं, उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. आता मेंढरं विकून पंधरा-वीस शेरडांवर आलेला. पोरगा कंपनीत. सून अपेक्षा, तोंडाची तिखट आणि मनाची मऊ. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या आईचंच पोटाचं ऑपरेशन निघालं. मग सिझर झाल्यावर पौडच्या दवाखान्यातून बाळंतीण सरळ सासरी आली. बारसंसुद्धा विहीणबाई हिंडू-फिरू लागेपर्यंत पुढं ढकललं, त्यामुळं पोरगी तीन आठवड्यांची झाली तरी नुसती 'पोरगी'च होती.

घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी शंभूनं जाहीर केलं होतं, "रात्रीचं निम्मं-निम्मं. एकदा रडली की तू, दुसऱ्यांदा रडली की मी. अन्याय न्हाई."

अपेक्षा तेव्हा टाके सांभाळत हसली होती. "आन दूध? त्येचंबी निम्मं-निम्मं का?"

चेष्टा होती, पण घोडं पेंड खात होतं ते तिथंच. शंभूची पाळी आली की तो उठायचा, लंगोट बदलायचा, पोरीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायचा. पोरीला हवं असायचं दूध. मग तो तिला आईकडं आणायचा. अपेक्षा उठायची, पाजायची. आणि अपेक्षाची पाळी आली की शंभूला अंथरुणात लाज वाटायची. बायको जागी आणि आपण घोरतोय? तोही उठून बसायचा. पाणी देऊ का, उशी देऊ का. म्हणजे पाळी कुणाचीही असो, जागायचे दोघं. वाटणी अगदी चोख होती, फक्त झोप कुणाच्याच वाट्याला येत नव्हती.

दिवसा तरी बाळंतिणीनं पडावं, तर बघायला येणाऱ्या बाया. कुणी खारीक-खोबरं घेऊन यायची, कुणी रिकाम्या हातानं आणि भरल्या तोंडानं. "कुणावर गेली गं?" यावर दोन-दोन तास निघायचे.

आणि मग चार दिवसांमागं ते झालं. पहाटे अपेक्षा भिंतीला टेकून पाजत होती. तिचा डोळा लागला आणि पोरगी मांडीवरून घरंगळली. खाली गोधडी होती. पोरगी रडलीसुद्धा नाही, दवाखान्यात दाखवून आणली तर डॉक्टरही ठीक म्हणाले. पण अपेक्षानं त्या पहाटेपासून झोपेशी दावाच मांडला. पोरगी झोपली तरी ही टक्क जागी, तिच्या छातीवर नजर लावून. श्वास चाललाय ना? मध्येच डोळ्यांतून पाणी. शंभूला सगळ्यांत जास्त भ्या कशाचं वाटत होतं तर चार दिवसांत बायकोनं त्याला एकदाही टोमणा मारला नव्हता. आज तो घरी आला तेव्हा उलटा शर्ट तसाच होता. तिनं पाहिला, आणि काहीच बोलली नाही.

अंगणात वाडीच्या आशा कार्यकर्त्या आल्या होत्या. हेमलताताई, पोरीचं वजन घ्यायला. वजन छान वाढलं होतं. पण त्या पोरीपेक्षा आईकडंच जास्त बघत होत्या. बाहेर येऊन त्यांनी शंभूला आणि त्याच्या आईला, बायजाला, बाजूला घेतलं.

"पोर झोपल्यावरपण हिला झोप लागत नाही, रडू येतं, हे चांगलं नाही. हिला सलग चार-पाच तास झोप मिळू द्या. दोन-तीन दिवसांत फरक पडला तर बरं, नाहीतर मला फोन करा, डॉक्टरांना दाखवू. आणि त्या आधी जरी काही वेडंवाकडं बोलली, तर तसंच उठायचं आणि यायचं. अंगावर काढायचं नाही."

"सलग कसं ताई?" शंभू म्हणाला. "मी निम्मं करतोयच की."

शेरडं आत घेणारा भैरू दावं हातात तसंच धरून थांबला. "काय निम्मं करतोस?"

शंभूनं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला आणि मग खदखदून हसला.

"तू मेंढरं राखली न्हाईस म्हणून. आरं, जागल अशी करत्यात व्हय? मेंढरांच्या वाड्यावर आमी दोघं गडी असलो, तर एक जागायचा आन दुसरा पार लांब जाऊन निजायचा. लांब! कोकरू वरडलं तरी ऐकू येऊ नये इतकं. आन जागणाऱ्यानं झोपलेल्याला उठवायचं न्हाई, बिबट्या आल्याबिगर. तुमी दोघं कोकरागणिक उठताय. हितं मेंढरं राखाय कोण, आन उद्या चालाय कोण?"

"पण दूध, आबा?"

"ते मी सांगते," हेमलताताई म्हणाल्या. झोपायच्या आधी अपेक्षानं पोरीला पोटभर पाजायचं. त्याच्या जरा आधी हातानं थोडं दूध काढून उकळलेल्या वाटीत झाकून ठेवायचं. घरात चार तास ते टिकतं. पोरगी उठली की शंभूनं तिला उभट धरून चमच्यानं पाजायचं, घाई न करता. मध्यरात्रीनंतर आई उठेल, मग पुढची जागल तिची. "आणि बसून पेंगायचं नाही. झोप यायला लागली की पोरीला पाठीवर, सपाट गादीवर, वेगळी निजवायची."

आता बायजा उसळली.

"आईचं दूध वाटीत? मांजराचं पिल्लू हाय का ती? आन बाळंतीण लेकराला सोडून दुसऱ्या खोलीत? असलं कुटं बघितलं न्हाई मी."

"ती काळी शेळी मेली तवा तिचं करडू कुणी वाटीनं जगवलं?" भैरू म्हणाला.

"करडू येगळं!" बायजाचा आवाज एकदम चिरकला. "माझ्या टायमाला कोण म्हणलं का सलग निज म्हणून? ह्यो शंभू पोटाला बांधून मी बारा दिसांची वली बाळंतीण चालत होते कळपामागं. तुमची ती जागलीची रीत तवा कुटं गेली होती? रातच्याला तुमी लांब निजायचा, रोज तुमीच. माझी पाळी कवा बदलली?"

भैरूच्या हातातलं दावं खाली आलं. हेमलताताईंनी वजनकाटा पिशवीत भरला आणि शहाण्या बाईसारखं गेटाकडं तोंड केलं.

बायजा आत गेली. शंभूला वाटलं, संपलं. आई एकदा चुलीपुढं बसली की तिच्या पुढं कुणाचं चालत नाही.

पण ती चुलीपुढं बसली नव्हती. थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावर स्वतःचं काळं घोंगडं होतं. अंगणापलीकडच्या तिच्या खोलीत तिनं बाजेवर ते अंथरलं आणि ओरडली, "अपेक्षा! पोरीला पाज, वाटी भर, आन हितं ये."

"आत्या, न्हाई हो. ती उठली तर?" अपेक्षा दारात रडवेली उभी. "मला झोप न्हाईच येणार."

"नको येऊ दे. नुसती पड. पोरीपाशी बाप हाय, बापापाशी मी हाय."

त्या पहिल्या जागलीचं काय सांगावं! पोरगी उठली. शंभूनं वाटी-चमचा घेतला. पहिला चमचा पोरीच्या गळ्यावर, दुसरा शंभूच्या लुंगीवर. तिसऱ्याला तिनं जीभ बाहेर काढून चाखून पाहिलं आणि वाडी दणाणून सोडली. शंभूचा धीर सुटला. पोरीला उचलून तो अंगणाकडं निघाला, तर उंबऱ्यात आई. पाय पसरून, आडवी काठी घेऊन.

"कुटं?"

"तिला उठवतो. ही घेत न्हाई."

"बिबट्या आलाय का?"

"आये, अगं भुकेजलीय."

"मग पाज की. तुलाबी रडतानाच पाजलाय. खांद्यावर घे, गप कर, मग दे. पोर रडलं की आईकडं पळायचं ही तुमा बाप्यांची रीतच हाय. हलू नको हितनं."

शंभू परत जमिनीवर बसला. पोरीला खांद्यावर घेतलं. कंपनीत प्रेसचा आवाज जसा एका तालात चालतो तसा तोंडानं करत राहिला, कारण त्याला अंगाई येत नव्हती. पोरगी गप्प झाली, बहुधा आश्चर्यानं. मग त्यानं चमचा ओठाला नुसता टेकवला. ओठ हलले. थेंब आत गेला. मग दुसरा. उंबऱ्यातून बायजा मान वळवून बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते शंभूला नीट कळलं नाही. राग म्हणावा तर तो मऊ होता. बाहेर अंगणात भैरू कांबळं पांघरून बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायजानं त्याला "निजा जावा" असं दोनदा म्हटलं, तरी तो हलला नाही.

अपेक्षाला झोप येणार नव्हती ना? ती बाजेवर पडली तशी दगडासारखी झोपली. छाती भरून दुखायला लागली तेव्हा कुठं जागी झाली आणि घाबरी होऊन अंगण ओलांडत आली. उंबऱ्यात सासू पेंगत होती, काठी मांडीवर. आत पोरगी गोधडीवर पाठीवर शांत निजलेली. शेजारी रिकामी वाटी. आणि तिच्यापलीकडं ताठ, डोळे ताणून बसलेला नवरा.

"रडली न्हाई?"

"रडली की. पर उठवायचं नव्हतं."

अपेक्षा खाली बसली. पोरीची छाती हलतीय का, ते एकदाच पाहिलं. मग तिची नजर नवऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली. केसांत दूध, लुंगीवर दूध, शर्ट अजून उलटा.

"अहो," ती म्हणाली, "पोरीला पाजलंत का स्वतः आंघोळ केली?"

शंभूला इतकं हसू आलं की तोंडावर हात दाबावा लागला. हसता हसता डोळे का भरले ते त्याचं त्यालाच कळेना. तो तिच्याजवळ सरकला. "तू पाज. मी बसतो सोबत. पाणी देऊ का?"

"काय गरज न्हाई. माझी पाळी सुरू झाली. उठा. लांब जावा."

"थोडा वेळ बसतो की..."

"आत्या," अपेक्षानं हाक दिली, "तुमच्या लेकाला हाकला हो."

बायजानं डोळे न उघडताच काठी उचलून शेरडांच्या गोठ्याकडं दाखवली.