नाही एक, नाही एक

"मानवी दुःख अमर्याद आहे असं आजवर सगळे समजत आले, खरं म्हणजे ते कोणी नीट मोजलंच नव्हतं," असं कंपनीचा प्रमुख गिरीराज म्हणाला आणि मीटिंगरूममध्ये गंभीर शांतता पसरली. शांतता पसरली कारण तो कोरमंगल्याच्या ट्रॅफिकमधून, गाडीत बसून बोलत होता आणि त्याचा माइक बंद होता. माइक चालू करून त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, पण दुसऱ्या खेपेला त्यातलं मानवी गेलं, अमर्याद गेलं, आणि शिल्लक राहिलं ते एवढंच, की मराठी तक्रारींतले शब्द मोजा.

मोजायचे होते अरविंद सांगवडेकरांनी. महादेवपुऱ्यातल्या ह्या कंपनीचा धंदा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, आणि लोक यंत्र घेतल्यावर कायम तक्रारी करत असल्यामुळे तक्रारींचा साठा प्रचंड होता. तो एका कॉम्प्युटरवर मावत नसे. म्हणून मॅपरिड्यूस, म्हणजे एकच काम शेकडो कॉम्प्युटरांना वाटून द्यायची पद्धत, आणि ते चालवायला अरविंद. वडील सरकारी संशोधन संस्थेत, घर जयनगरात, मराठी फक्त जेवणाच्या टेबलापुरती. ऑफिसात इंग्रजी, कँटीनमध्ये हिंदी, रिक्षात कन्नड. चार भाषांत गप्प बसता येणारा माणूस, असं त्यांची बायको म्हणे.

गिरीराजचा नियम सोपा होता. एखाद्या भाषेतल्या सर्वांत जास्त येणाऱ्या शंभर शब्दांनी तक्रारींचा नव्वद टक्के मजकूर व्यापला, तर ती भाषा आपोआप उत्तरं देणाऱ्या बॉटला जमेल. मग त्या भाषेची माणसं कशाला? कन्नडचं टेबल ह्याच नियमाने गेलं होतं. तमिळचंही. आता मराठीचं राहिलं होतं. त्यावर प्रणिता आणि तिच्या हाताखालच्या सहा मुली बसत. प्रणिता निपाणीची. नवरा दुबईला जातो म्हणून गेला तो जातोच आहे, आणि घर तिच्या पगारावर. हे ती सांगत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अरविंदनी मोजणी चालवली आणि निकाल आला: शंभर शब्दांत एक्क्याण्णव टक्के. मराठी संपली. त्यांना जरा वाईट वाटलं आणि जरा आश्चर्यही, की आपली मातृभाषा एवढी आटोपशीर असेल असं वाटलं नव्हतं. निदान सौजन्य म्हणून त्यांनी ते शंभर शब्द छापून प्रणिताच्या टेबलावर नेऊन ठेवले.

प्रणितानं कागद वरून खाली वाचला, मग उलटा करून पाठीमागे काही आहे का तेही पाहिलं.

"सर, हा 'ह' कोण बोलतंय?"

"कोणता ह?"

"तिसऱ्या नंबरला आहे की. पहिला न, दुसरा क, तिसरा ह. पुढं 'पय' म्हणून एक आहे. मी इथं बसून सात वर्षं झाली, मला फोनवर कोणी अजून 'पय' म्हटलेलं नाही. शिव्या घातल्यात, पण पय नाही."

अरविंदनी कागद घेतला. कधी नव्हे ते त्यांनी आकड्यांच्या ऐवजी अक्षरं वाचली आणि चूक कुठे झाली ते त्यांना दिसलं. शब्द तोडायची प्रोग्राममधली ओळ त्यांनी इंग्रजीवर तपासलेल्या जुन्या कामातून जशीच्या तशी उचलली होती. त्या ओळीला अक्षर म्हणजे काय ते माहीत होतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही तिच्या लेखी अक्षरंच नव्हती. ती आली की शब्द संपला. 'नाही'चे झाले न आणि ह. 'पाणी'चे प आणि ण. 'कृपया'चे क आणि पय. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राने जीव तोडून लिहिलेल्या तक्रारींचा असा भुगा झाला होता, आणि भुग्याचे प्रकार थोडेच असतात. शंभर कणांत एक्क्याण्णव टक्के बसणारच.

"म्हणजे चूक मशीनची?" प्रणितानं विचारलं.

"माझी."

"मग दुरुस्त करा की. मीटिंग चारला आहे."

दुपारचा दीड वाजला होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. मोजणीला वेळ लागणार होता. अरविंदनी कामाला सुरुवात केली तशी प्रणिता डबा घेऊन त्यांच्या शेजारीच येऊन बसली, कारण जिचं डोकं कापायचं तिला निदान सुरी बघायचा हक्क असतो. हे करतं तरी काय, असं तिनं विचारलं. अरविंदना आयुष्यात घरच्यांनीसुद्धा हा प्रश्न विचारलेला नव्हता. ते फुलले.

त्यांनी सांगितलं ते असं. तक्रारींचा डोंगर आधीच तुकडे करून शेकडो यंत्रांवर ठेवलेला असतो. डोंगर कामाकडे न्यायचा नाही, काम डोंगराकडे पाठवायचं. प्रत्येक तुकड्यावर एक मॅपर बसतो. त्याला अक्कल एवढीच, की शब्द दिसला की ओरडायचं. समज तक्रार आहे, 'पाणी येत नाही, पाणी गळतं'. तर मॅपर म्हणतो: पाणी एक, येत एक, नाही एक, पाणी एक, गळतं एक.

"पाणी दोनदा आलं की. दोन म्हणावं."

"नाही म्हणत. मागचं त्याला आठवत नाही, शेजारचा काय करतोय ते माहीत नाही. म्हणून तर शेकड्यांनी एका वेळी चालतात. कोणी कोणाला विचारायला थांबत नाही."

"सरकारी ऑफिससारखं."

"तिथं ओरडतात तरी कुठं?" अरविंद म्हणाले. मग पुढे: ह्या सगळ्या आरोळ्यांची वाटणी होते. महाराष्ट्रात कुठूनही आलेलं 'पाणी' एकाच रिड्यूसरकडे जातं, सगळं 'गळतं' कोणा एकाकडे, वर्गवारी लावून. रिड्यूसर नुसती बेरीज करतो. पाणी: एक, एक, झाले दोन. मधेच एखादं यंत्र मेलं तर त्याचा तुकडा दुसऱ्याला देऊन पुन्हा करून घेतात. कोणी रडत बसत नाही.

"आमच्यात पण तसंच," प्रणिता म्हणाली. "शैला सोडून गेली, तिचे फोन मला दिले."

मॅपर शंभर टक्के झाले. रिड्यूसर भराभर चढत नव्व्याण्णवपर्यंत आले आणि तिथे थांबले. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. नव्व्याण्णव म्हणजे नव्व्याण्णवच. अरविंदनी आत डोकावून पाहिलं. सगळे रिड्यूसर काम आटोपून रिकामे बसले होते. एक तेवढा राबत होता. त्याच्या वाट्याला 'नाही' आला होता.

पाणी येत नाही, बटण दाबलं जात नाही, माणूस आला नाही, फोन उचलत नाही, पैसा परत मिळाला नाही. अख्ख्या राज्याचं 'नाही' एकट्याच्या पदरात, नाही एक, नाही एक, नाही एक, आणि सगळे निकाल त्याच्यासाठी खोळंबले होते, कारण शेवटचा संपल्याशिवाय काम संपत नाही.

"बिचारा," प्रणिता म्हणाली, आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

घाईत अरविंदनी कम्बायनर बंद ठेवला होता. तो असला की प्रत्येक मॅपरच्या दारातच छोटी बेरीज होते. लाखो 'नाही एक' पाठवण्याऐवजी 'नाही चाळीस हजार' अशी एकच चिठ्ठी जाते. अरविंदनी चालू काम मारलं, कम्बायनर जोडला, पुन्हा सुरू केलं. चारला पाच कमी असताना निकाल आला.

तो सुरेख होता. शंभर शब्दांनी निम्मा मजकूरही व्यापला नव्हता. आणि वेगवेगळे शब्द धरले तर अर्ध्याहून जास्त असे होते, की सबंध डोंगरात एकदाच आले होते. टाकीतून 'कुबट' वास येतोय. पाणी 'निवळतच' नाही. चंदगडकडच्या कोणा आजींनी लिहिलं होतं, मशीन 'कण्हतंय'. प्रणिताला ती तक्रार आठवली. कण्हतंय म्हटल्यावर तिनं ओळखलं होतं, की पंप कोरडा चाललाय, आणि फोन करून तो बंद करायला लावला होता. नियमाप्रमाणे मराठीला माणसं हवी होती. अरविंदनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पण तिनं केसांची क्लिप काढून पुन्हा नीट लावली.

गिरीराज ह्या खेपेला देहाने हजर होता. अरविंदनी चूक सांगितली, कबूल केली, भुगा दाखवला, नवे शब्द दाखवले. कन्नड आणि तमिळचीही मोजणी ह्याच ओळीने झाली होती, हेही सांगून टाकलं. त्या टेबलांवरची माणसं मात्र केव्हाच कामावरून गेली होती.

गिरीराजने लक्ष देऊन ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त वाईट बातमीचं तो लगेच काहीतरी करून टाके.

"अर्धे शब्द एकदाच आलेत?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे पुन्हा कोणी ते बोललंच नाही. मग बॉटला ते समजले नाहीत तर बिघडतं कुठं? काढून टाका. असे खालून शब्द काढत गेलं, तर उरलेल्या मजकुरात त्या शंभर शब्दांचे नव्वद टक्के केव्हा होतील?"

अरविंद खोटं बोलू शकले असते. पण त्यांनी आयुष्य यंत्रांत काढलं होतं.

"तुम्ही म्हणाल तिथं रेघ मारली की होतील."

"मग मारा."

"पण कन्नडचं चुकलं होतं, मी आत्ता सांगितलं—"

"म्हणूनच म्हणतो," गिरीराज कळवळून म्हणाला. "आता एकट्या मराठीला ठेवलं तर कन्नडवर अन्याय होईल."

दार दोन्ही बाजूंनी बंद केलेलं होतं: शब्द थोडे म्हणून माणसं नकोत, शब्द फार म्हणूनही नकोत. अरविंदनी लॅपटॉप मिटला. बाहेर येऊन ते जिना उतरू लागले. सांगायला चार भाषा येत होत्या आणि एकीतही सुरुवात सुचत नव्हती.

प्रणिता टेबल आवरत होती. तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि ड्रॉवर ओढून घेतला.

"कधीपासून?"

"महिनाअखेर."

मुली मान खाली घालून हेडफोन लावून बसल्या होत्या. एकीचा फोन चालू होता. ती कोणाला तरी समजावत होती, की हो आजोबा, नाही, माणूसच बोलतेय मी.

अरविंदना बरंच बोलायचं होतं. की चूक त्यांची होती. की दुरुस्त केली ती मोजणी बरोबर होती, आजवर केलेल्यांतली सर्वांत बरोबर. की 'कण्हतंय' हा शब्द त्यांनी स्वतः मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला होता.

"प्रणिता, मला तुला एक सांगायचंय."

"सांगा सर. पण चालता चालता सांगा," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "खाली तुमची कार माझ्या स्कूटीच्या मागं लागलीय. ती स्वल्प बाजूला घ्या की."