विहारातला सल्ला

कारध्याच्या वस्तीत इश्वर मेश्राम म्हणजे शिकलेला, नोकरीतला माणूस. भंडाऱ्याच्या फार्मसी कॉलेजात तो कार्यालय अधीक्षक. रविवारी विहारात वंदना आटोपली की लोक त्यालाच विचारायचे, आणि तो सांगेल ते ब्रह्मवाक्य. तर बाबा, कुंपणानंच शेत खाल्लं, ते असं.

दुसऱ्या वर्षाला गेलेल्या पोरांवर कॉलेजनं अचानक जादा फी लावली. वर पालकांची संमतिपत्रंही मागितली. सगळे घाबरून विहारात जमले. इश्वरला पक्कं ठाऊक होतं की ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षी शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी कोर्स संपेपर्यंत कायम राहते. मंजुरीचा तो कागद दरसाल नोटीस बोर्डावर तोच लावायचा. पण संचालकांचा चेहरा आठवला आणि तोंडून निघालं, "कॉलेजले अधिकार असते. सह्या करा, नाई तं पोरगं काढून घ्या."

बाकीच्यांनी सह्या केल्या. वस्तीतल्याच चिंधूची मात्र तेवढी ऐपत नव्हती. त्यानं त्याच आठवड्यात आपल्या पोरीचा, प्रतिक्षाचा, प्रवेश रद्द केला. कॉलेज सोडल्याचा दाखला इश्वरनंच हाती दिला. पोरीनं वाकून नमस्कार केला, म्हणाली, बरं झालं काका, वेळेवर सांगितलं. त्या दिवशी इश्वरला डबा गोड लागला नाही.

प्रतिक्षाच्या वर्गातल्या अश्विनला मात्र राहवेना. त्यानं पावत्या जोडून प्राधिकरणाकडे तक्रार केली. प्राधिकरणानं कॉलेजकडून लेखी खुलासा मागवला आणि दोन्ही बाजूंना ऑनलाइन सुनावणीला बोलावलं. प्राचार्यांच्या शेजारी इश्वर फाइल घेऊन बसला. वाढीला मंजुरी कुठली, असं विचारल्यावर प्राचार्यांनी संमतिपत्रं पुढे केली. पालकांच्या संमतीनं मंजुरीपेक्षा जास्त फी घेता येत नाही, असं त्यांना तिथंच ऐकवलं गेलं. पुढे लेखी आदेश आला की जादा घेतलेली रक्कम परत करा.

वस्तीत पेढे वाटले गेले. इश्वर सुनावणीला हजर होता, म्हणजे त्यानंच आतून मदत केली असणार, असं धरून लोक त्यालाच शाबासकी देऊ लागले, अन् त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत देण्याच्या यादीत प्रतिक्षाचं नाव नव्हतं. असणार कसं? तिनं जास्तीचं काही भरलंच नव्हतं.

शेवटी तो चिंधूच्या घरी गेला. प्रतिक्षा ओट्यावर बसून शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावत होती. चिंधूनं खुर्ची पुढे केली, पण इश्वर उभाच राहिला.

"मले ठाऊक होतं, चिंधू. फी वाढवता येत नाई हे मले तवाच ठाऊक होतं. नोकरीच्या भेवानं खोटं बोललो."

प्रतिक्षानं दातानं दोरा तोडला, ब्लाउजची घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "काका, हे रविवारी विहारात सांगसान?"

इश्वरनं मान हलवली. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर तो उभा राहिला. चिंधू नेहमीच्या जागी बसला होता. प्रतिक्षा आली नव्हती, ती आता शिवणाच्या दुकानात कामाला जायची, आणि ते रविवारीही सुरू असायचं.