‘अस्पष्ट’चं बटण

पुण्यातल्या त्या कंपनीत अर्पिता धोटेचं काम होतं ऐकण्याचं. मोबाइलच्या कीबोर्डात मराठी बोलून लिहायची सोय आणायची होती, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यातल्या लोकांनी वाक्यं बोलून पाठवली होती. ती ऐकून प्रमाण मराठीत लिहायची. बोलणारा ‘कायजी’ म्हणाला तरी आपण ‘काळजी’ लिहायचं, म्हणजे यंत्र दोन्हींची सांगड घालायला शिकतं. जे कळत नाही त्यावर ‘अस्पष्ट’चं बटण दाबायचं. आवाजाचे ते तुकडे यंत्राच्या शिकवणीतून बाद.

अर्पिता अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरची. पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून ‘मले’ निघालं आणि सगळं टेबल हसलं. तेव्हापासून तिने जीभ घासूनपुसून लख्ख केली. वऱ्हाडी तुकडा लागला की शेजारची विचारायची, हे तुमच्याकडचं ना गं? मलाही नाही कळत, असं म्हणून अर्पिता बटण दाबायची. असे शेकडो तुकडे तिने बाद केले. लाज फार वाईट, ती आधी घरच्यांवरच उठते.

सोय सुरू झाल्यावर सर्वांत आनंद तिच्या बाबांना झाला. कंपवाताने पुंडलिकरावांचा हात थरथरायचा, अक्षरं टिपणं जमत नसे. आता ते रोज दुपारी लेकीला बोलून निरोप लिहू लागले. ‘डोयात औषध टाकलं’ म्हणाले, तर ‘डोक्यात औषध टाकलं’ उमटलं. ‘कायजी करू नको’चं झालं ‘काय जी करू नको’. अर्पिता आधी हसली. मग चुकांचा जिल्हावार तक्ता आला. अमरावती सगळ्यांत वर होतं, आणि तिला हसू येईना.

तिने वरिष्ठांपुढे सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. चार महिने बसून तिने बाद तुकडे पुन्हा ऐकले, लिहिले. यंत्राला नव्याने शिकवलं गेलं. नव्या आवृत्तीत ‘डोया’ म्हटलं की ‘डोळा’ उमटू लागलं.

तिने हौसेने फोन लावला. “बाबा, आता जसं बोलता तसं बोला. सगळं बरोबर उमटते.”

पलीकडून सावकाश, एकेक शब्द तोलत आवाज आला, “मी आता व्यवस्थित बोलतो, बाळा. रोज सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचतो. एकही चूक होत नाही.”

“माह्याशी तरी आपलं बोला ना, बाबा.”



“नको. मोठ्या मुश्किलीने सवय मोडली आहे,” ते म्हणाले. “तुला चार लोकांत माझी लाज वाटायला नको.”

तिने त्यांना बटणाबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.