मार्चचे युनिट

विजेचं पुढचं बिल किती येईल, हे मुक्ताबाईंना आधीच कळायला हवं होतं. नवरा, श्रीपती, एप्रिलमध्ये गेल्यापासून पेन्शन अर्धी झाली होती. म्हणून लेक रश्मीने ऑफिसातून वीज कंपनीच्या साइटवरच्या जुन्या बिलांचा स्क्रीनशॉट छापून आणला.

"गेल्या मेमध्ये एकशे चाळीस युनिट होते. आता बाबा नाहीत, एकशे तीस धर," रश्मी म्हणाली. "पण फेब्रुवारीत एकदम दोनशे वीस कसे? मीटर बिघडलं होतं काय?"

"मीटरला काय धाड भरलीय? तुझ्या बाबांचं ऑक्सिजनचं मशीन रात्रभर चालायचं की."

रश्मीचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. "मग मार्चमध्ये एकशे पंधराच कसे? मशीन तर एप्रिलमध्ये परत दिलं ना?"

मुक्ताबाईंनी कागद स्वतःकडे ओढून ती ओळ पाहिली. फेब्रुवारीचं बिल हातात पडलं तेव्हा त्या श्रीपतींना म्हणाल्या होत्या, "तुमचा श्वास फार महाग पडायला लागलाय हो." मशीनच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणून त्या आतल्या खोलीत दार लावून निजायच्या. सकाळी उठल्यावर मशीन चालूच दिसायचं.

"आई, काय झालं?"

"रोज रात्री चाललं असतं, तर मार्चला किती आले असते?"

"दोनशे वीसच्या आसपास."

"भरलं असतं गं मी," मुक्ताबाई म्हणाल्या. "बोलले असते, पण भरलं असतं."