दोनच शब्द

माझा धंदा मीटिंगा चालवण्याचा. लोक एका खोलीत बसतात आणि मी त्यांना बोलतं करते. सासूबाईंना हे अजून पचलेलं नाही. त्या म्हणतात, "लोकांनी बोलावं म्हणून तुला बोलावतात? आपल्या घरात तर गप्प बसा म्हणून ओरडावं लागतं." त्यांचं चूक नाही. पण त्यांनी मोठ्या साहेबांना पाहिलेलं नाही.

मोठे साहेब म्हणजे त्या हॉस्पिटलचे प्रमुख. तातडीच्या उपचारांचा नवा विभाग सोमवारी सुरू व्हायचा होता. त्याआधी गुरुवारी सगळ्यांची एक शेवटची मीटिंग होती, आणि ती चालवायला मला बाहेरून बोलावलं होतं. का, तर आधीच्या चार मीटिंगांत साहेब सोडून कोणी तोंडच उघडलं नव्हतं. मला बोलावलं कोणी? साहेबांनीच. "माझ्या माणसांना बोलायची सवय नाही हो," म्हणाले. घ्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मीटिंगच्या आधी मी प्रत्येकाला एकेकटं भेटते. तिथं ऐकलेलं तिथंच राहतं, हा माझा शब्द असतो. विभागाच्या हेड नर्स, ज्यांना सगळे नुसतं सिस्टर म्हणतात, दार लावून बसल्या आणि म्हणाल्या, अत्यवस्थ पेशंटची खोली आणि लिफ्ट यांच्यामध्ये एक कोपरा आहे. तिथं पलंग वळत नाही. नुसता पलंग वळतो, पण व्हेंटिलेटर आणि दोन माणसं बरोबर असली की चार वेळा मागे-पुढे करावं लागतं. त्यांनी पेशंटविना पलंग, व्हेंटिलेटर आणि दोन माणसं घेऊन घड्याळ लावलं होतं. अडीच मिनिटं. ज्याचा श्वास मशिनवर आहे त्याची अडीच मिनिटं.

मग बोला की मीटिंगमध्ये, मी म्हटलं. सिस्टर हसल्या. नकाशा साहेबांनी स्वतः बसून काढून घेतला होता. आणि मागच्या वर्षी औषधांच्या कपाटांबद्दल तक्रारीची चिठ्ठी टाकणाऱ्या थोरल्या सिस्टरची बदली रेकॉर्डरूममध्ये झाली होती. बरं, ती चिठ्ठी त्यांनी निनावी टाकली होती. साहेबांनी अक्षर ओळखलं.

मी त्या थोरल्या सिस्टरनाही भेटून आले. फायलींच्या ढिगात बसून त्या पंचवीस वर्षांचा अनुभव धुळीत घालवत होत्या. परत येताना माझं डोकं तापलेलं होतं. पण तापून करणार काय? सिस्टरचं ऐकलेलं मी बोलू शकत नव्हते. त्यांच्याकडून वदवून घेणं एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही सोमवारच्या आत.

साहेबांना भेटून मी शब्द घेतला: तुम्ही सगळ्यांत शेवटी बोलायचं. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्या माणसाचा मी कधीच भरवसा धरत नाही.

गुरुवारी मी टेबलं काढून खुर्च्या गोल मांडल्या, म्हणजे डोक्याशी कोणी बसायला नको. साहेब आले आणि जिथं बसले तिथं डोकं तयार झालं. मी नमस्कार-चमत्कार करायच्या आत ते म्हणाले, "सुरुवातीला मी फक्त दोनच शब्द बोलतो." ते दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले. सगळे माना हलवत होते. इमारतीचे इंजिनियर तर इतकी मान हलवत होते की मला त्यांच्या मणक्यांची काळजी वाटली.

शेवटी मी उठले आणि साहेबांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. बोलणाऱ्याच्या जवळ उभं राहिलं की त्याचा आवाज आपोआप उतरतो. म्हटलं, सर, तुमचे मुद्दे बोर्डावर लिहिते, काही सुटायला नको. तीन मुद्दे निघाले. पंचवीस मिनिटांत तीन! ते लिहून त्यांना विचारलं, बरोबर आहे? बरोबर होतं. आता परत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग मी कार्डं वाटली, सगळ्यांना सारखी, आणि सारखे काळे स्केचपेन. म्हटलं, समजा सहा महिने झालेत आणि नवा विभाग साफ फसलाय. का फसला ते एका ओळीत लिहा. बोलायचं नाही. नाव घालायचं नाही. वाचणार मी, आणि वाचून झाल्यावर फाडणारही मीच. "फसेल का" असं विचारलं की सगळे "छे छे" म्हणतात. फसलाच म्हटलं की निदान पेन चालतं.

चाललं. दहा कार्डं आली, ती पिसून मी एकेक वाचायला लागले. पार्किंग कमी पडलं. पाट्या दिसल्या नाहीत. परत पार्किंग. एकावर नुसतं "सर्व उत्तम" होतं. निनावी चिठ्ठीवर ज्यांनी एकदा मार खाल्लाय ते दुसऱ्यांदा कशाला लिहितील? हे मला आधी सुचायला हवं होतं.

नववं कार्ड उचललं. त्यावर लिहिलं होतं: "लिफ्टच्या कोपऱ्यावर पलंग अडकला आणि पेशंट गेला."

शाई निळी होती. फाउंटन पेनची. माझं स्केचपेन फक्त एकाच माणसाने नाक मुरडून बाजूला ठेवलं होतं.

मी साहेबांकडे पाहिलं नाही. कसं जमलं ते माझं मला माहीत. कार्ड छातीशी धरून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, याबद्दल कोणाला आणखी काही माहीत आहे? मग गप्प राहिले. अशा वेळी मी मनात वीसपर्यंत मोजते. सतरावर सिस्टर म्हणाल्या, "मी मोजलंय. अडीच मिनिटं लागतात."

त्यानंतर बांध फुटला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, त्या भिंतीवर पलंगाचे ओरखडे त्यांनीही पाहिलेत. इंजिनियर म्हणाले, कोपऱ्यातली स्टोअररूम नुसत्या पार्टिशनची आहे, तीन आठवड्यांत काढता येईल. आपल्यातल्याच कोणीतरी आधी उडी घेतली, या समजुतीवर प्रत्येकजण पाण्यात उतरत होता. सिस्टर इंजिनियरकडे कौतुकाने बघत होत्या आणि इंजिनियर सिस्टरकडे. शेवटी साहेबांची पाळी आली. ते म्हणाले, उद्घाटन लांबवा. खरोखर दोनच शब्द!

मीटिंग संपल्यावर लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. कोणी लिहिलं ते मला कळलं असेलच, म्हणाले. मी मान हलवली. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी त्यांनी स्वतः व्हेंटिलेटरसकट पलंग ढकलून पाहिला होता, आणि तो कोपऱ्यावर अडकला होता.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"नकाशा माझा. वाटलं, कोणीतरी बोलेल. कोणीच बोललं नाही, तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

तो बोलतो म्हणून हे गप्प, आणि हे गप्प म्हणून तो बरोबर. एका पेशंटचा जीव मध्ये लटकलेला. मला त्यांची कीव आली आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. जरा थबकल्या, मग सरळ साहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, ते कार्ड ज्याने लिहिलं त्याची बदली करू नका."

"नाही करणार," साहेब म्हणाले.

"थोरल्या सिस्टरच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

एवढं बोलून त्या वॉर्डात निघून गेल्या. लिफ्ट आली. दार उघडं धरून साहेब बटणांवरचे आकडे बघायला लागले.

"रेकॉर्डरूम कितव्या मजल्यावर आहे?" त्यांनी मला विचारलं. बाहेरच्या बाईला.

"तळघरात. डावीकडे शेवटची खोली," मी म्हणाले. "आणि सर, जाऊन दोनच शब्द बोला. मग त्या बोलतील ते ऐका."