आचरण

देवळालीच्या आमच्या वाचनालयात दरवर्षी शब्दकोड्यांची स्पर्धा होते. परीक्षक साळवे सर. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं म्हणून त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असा इथला अलिखित नियम. मी ग्रंथपाल असूनही तो मुकाट पाळतो.

यंदा सरांनी त्यांचं जुनंच कोडं काढलं, शाळेत ते दरवर्षी घालायचे तेच. चार अक्षरी शब्द शोधा. पहिलं अक्षर काना-मात्रेसकट काढलं की अर्थपूर्ण शब्द उरावा. त्याचंही पहिलं काढलं, तरी उरावा. सरांचं उत्तर एकच: आवरण, वरण, रण.

दवाखान्यातली नर्स ग्रेस भिंगारदिवे हिनं लिहिलं: आचरण, चरण, रण. सरांनी वर पाहिलंही नाही, लाल पेनानं फुली मारली.

माझं डोकं फिरलं. नियम गेला खड्ड्यात. मी कोश उघडून त्यांच्यापुढे आपटला. तिन्ही शब्द त्यात होते. सरांनी बोट ठेवून दोनदा वाचलं आणि फुलीवर फुलीच गिरवत बसले.

"हुशार आहेस," ते शेवटी म्हणाले. "कधी सुचलं?"

"सातवीत, सर. तुमच्याच वर्गात," ग्रेस शांतपणे म्हणाली. "तेव्हाही तुम्ही फुली मारली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. कोश तुमच्या टेबलावरच होता."