बर्फात घातलेला नमुना

"डॉक्टर, हालचाल शून्य म्हणजे मला पोर होणारच नाही ना?" पूर्णगडच्या बाबू खारव्यानं आठ दिवसांपूर्वी नेलेला वीर्यतपासणीचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला.

"मिलिलिटरमागं साडेचार कोटी शुक्रजंतू आहेत. दोन कोटींवर असले की पुरे. पण एकही हलत नाही? नमुना आणलास कसा?"

"बर्फात घालून, एसटीनं. मासळी आणतो तसा, नासू नये म्हणून."

"अरे गाढवा, बर्फानंच गारठले ते! नमुना अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात द्यायचा. आता तीन दिवस बायकोपासून लांब राहा नि इथंच येऊन दे. एका रिपोर्टावर कुणी काही ठरवतं का?"

बाबू भिंतीला टेकला.

"तुळसाला पोर हवं होतं. माझ्यापायी तिचा जन्म फुकट जायला नको, म्हणून काल पंचांपुढं मीच काडीमोड दिला."